नीटमधला वजा एक



नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात.
चुकलं, तर 1 जातो.
सोडलं, तर काहीच जात नाही.

समजा, दोन पर्याय चूक आहेत हे नक्की कळलं.
उरले दोन.
अशा दोन प्रश्नांत साधारण एक बरोबर येतो, एक चुकतो.
हाती 3 गुण उरतात.
तिथे उत्तर द्याच.

एकही पर्याय खोडता येत नसेल, तर सोडा.
चार अंदाजांत सरासरी जेमतेम 1 गुण,
आणि फसवे पर्याय तोही नेतात.

सराव परीक्षेत अंदाजाच्या प्रश्नांवर खूण करा.
नंतर तेवढ्यांचेच गुण वेगळे मोजा.
बेरीज वजा आली, तर खोडण्यातच चूक होतेय.

पुन्हा सांगते:
खोडता आलं, तर उत्तर; नाही, तर पुढचा प्रश्न.

एमएचटी-सीईटीत मात्र गुण कापत नाहीत.
तिथे एकही प्रश्न सोडू नका.