रथाचा फोटो फिकट का येतो?

म्हसवडला मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. दुपार कलताना सूर्याच्या दिशेने फोटो काढला, की रथावर गोल ठिपके उमटतात किंवा सगळं चित्र धुरकट दिसतं. काळा रंगही राखाडी होतो.

सूर्य चौकटीबाहेर असला तरी त्याचा प्रकाश भिंगावर तिरका पडतो, आतल्या काचांवर उलटसुलट परावर्तित होतो आणि चित्रभर पसरतो. काचेवर गुलाल किंवा बोटाचा डाग असेल, तर प्रकाश जास्तच विखुरतो.

खात्री करायची तर भिंगावर हाताची सावली धरा. हात चौकटीत येऊ देऊ नका. रंग लगेच गडद झाले, तर दोष तिरक्या उन्हाचा. मग लेन्सला हूड लावा; मोबाइल असेल तर हाताची सावली पुरते. तरीही चित्र फिकट राहिलं, तर काच पाहा. गुलाल आधी ब्लोअरने उडवा, मगच मऊ कापडाने पुसा. नुसतं घासलं तर चरे पडतात.

सूर्यच चौकटीत असेल, तर हूड निरुपयोगी. तेव्हा दोन पावलं सरका आणि सूर्य रथामागे झाकून घ्या.