केडी कोणाचा, वाटा कोणाचा



समजा, डहाणूच्या चार मुलांचा संघ आणि तलासरीच्या चार मुलांचा संघ यांचा मोबाइलवर सामना झाला. खेळ बीजीएमआय, प्रकार टीम डेथमॅच. यात मेलेला खेळाडू लगेच पुन्हा मैदानात येतो आणि जो संघ आधी 40 किल करेल तो जिंकतो. डहाणूने 40 विरुद्ध 31 असा सामना जिंकला. शेवटी पडद्यावर स्कोअरबोर्ड आला, एकाने त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि ग्रुपवर टाकला. आता ग्रुपवर एकच भांडण: सामना कुणी जिंकून दिला?

हिशेब करायला बसण्याआधी आकडे बरोबर उतरलेत का, हे पाहायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट दाबला जातो, बारीक आकडे धूसर होतात आणि 8 चा 3 वाचला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो मूळ रूपात पोहोचतो. फोटोतून अक्षरं उचलणारं अ‍ॅप वापरलंत तर आणखी एक घोळ होतो. आपली मुलं नावात चांदण्या, मुकुट, नक्षीदार अक्षरं घालतात, मराठी-गुजराती मिसळतात. अ‍ॅप तिथे अडखळतं आणि एकाचे आकडे दुसऱ्याच्या ओळीत सरकतात. म्हणून नावाऐवजी ओळीच्या क्रमाने चालावं.

आकडे तपासायची सोय मात्र स्कोअरबोर्डातच आहे. डहाणूच्या चौघांच्या किलची बेरीज 40 यायलाच हवी. आणि त्यांच्या डेथची बेरीज तलासरीच्या किलइतकी, म्हणजे 31. कुणी स्वतःच्याच ग्रेनेडने मेला असेल तर डेथ एखाददुसरी जास्त भरेल. पण पाच-सहाचा फरक आला तर आकडा चुकीचा वाचलाय असंच समजा.

आता आपले चौघे. जवळ कागद असेल तर लिहून घ्या. पहिल्याचे किल 16, डेथ 12. दुसऱ्याचे किल 12, डेथ 8. तिसऱ्याचे किल 8, डेथ 10. चौथ्याचे किल 4, डेथ फक्त 1. बेरीज करून पाहा, 40 आणि 31 जुळतात.

केडी म्हणजे किल भागिले डेथ. पहिल्याचा 1.33, दुसऱ्याचा 1.5, तिसऱ्याचा 0.8 आणि चौथ्याचा चक्क 4. डेथ शून्य असेल तर भागाकार होत नाही. तेव्हा बहुतेक जण शून्याच्या जागी 1 धरतात. तो संकेत आहे, गणित नव्हे, म्हणून तसं लिहून ठेवावं.

केडीवर गेलो तर चौथा हिरो. पण 40 पैकी त्याचे किल 4, म्हणजे दहा टक्के. तो कोपरा धरून बसला होता, असा संशय घ्यायला जागा आहे. पहिल्याचा किलमधला वाटा 40 टक्के, आणि संघाच्या डेथमधला वाटा जवळपास 39 टक्के. हे दोन वाटे शेजारी ठेवणं मला केडीपेक्षा बोलकं वाटतं. किलचा वाटा मोठा असेल तर खेळाडू संघाच्या केडीच्या वर आहे. संघाचा केडी 40 भागिले 31, म्हणजे 1.29, पहिला त्याच्या जेमतेम वर आहे.

आणि तिसरा? त्याचा केडी सगळ्यात कमी, ग्रुपवर सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच. पण असिस्टचा रकाना बघा. त्याचे असिस्ट 12, पहिल्याचे 4, दुसऱ्याचे 3, चौथ्याचे 2. किल आणि असिस्ट मिळून तिसरा 20 किलमध्ये सामील होता, म्हणजे निम्म्या. पहिलाही 20. दुसरा 15, चौथा 6. चौघांच्या या वाट्यांची टक्केवारी काढली तर बेरीज शंभरच्या वर जाते. घाबरू नका, एकाच किलमध्ये दोघे मोजले जातात. एक असिस्ट म्हणजे अर्धा किल वगैरे भाव मात्र ठरवू नये. तो भाव स्कोअरबोर्ड सांगत नाही, ज्याला जिंकवायचं असेल त्याच्या सोयीने ठरतो.

स्कोअरबोर्डावर न दिसणारंही बरंच असतं. नेटवर्क गेलं की खेळाडू मैदानात नुसता उभा राहतो आणि मारला जातो. त्या डेथ त्याच्याच नावावर पडतात. सामना चालू असतानाच हे टिपून ठेवलं तर ठीक, नंतर प्रत्येकाचंच नेटवर्क गेलेलं असतं.

एका सामन्यावरून संघाची निवड करायची नसेल तर सामने जोडायचे. पण केडींची सरासरी काढून नव्हे. आपल्या चौथ्याने दुसऱ्या सामन्यात 6 किल केले आणि 9 वेळा मेला, असं धरा. केडी 0.67. आधीचा 4 आणि हा 0.67, सरासरी 2.33, म्हणजे संघात पहिलं नाव. पण दोन्ही सामन्यांचे किल मिळून 10 आणि डेथही 10. त्याचा खरा केडी 1 आहे.