निरोपाचं भाषण: सहा पानांतली एक ओळ



आपल्याकडे मे महिना म्हणजे मुख्याध्यापकांच्या निरोपाचा महिना. पूर्वी घरच्यांना जन्मतारीख ठाऊक नसली, की शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून टाकायचे. आणि नियम असा, की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ५८ वर्षं भरली की कितीतरी शिक्षक ३१ मेलाच निवृत्त होतात. मग माजी विद्यार्थ्यांना फोन येतो, "दोन शब्द बोला."

नांदेडच्या माझ्या एका मित्राला असाच फोन आला. त्याने सहा पानं लिहून मला पाठवली. मोठ्याने वाचायला चौदा मिनिटं लागली. पहिलं पान व्यासपीठावरच्यांच्या नावांचं. पुढे त्याचं कॉलेज, नोकरी, शिक्षणाचं महत्त्व, दोन शेर, संस्थेला चार टोले आणि "शिस्तप्रिय, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष".

मी म्हणालो, "सरांचं नाव झाकून वाच. जे वाक्य कुठल्याही मुख्याध्यापकाला चालेल, ते खोड." चार पानं तिथेच गेली.

एक किस्सा मात्र खरा होता. सरांनी एका मुलीची फी भरली होती, आणि मित्राने तिचं नावही लिहिलं होतं. तोही काढला. ती मुलगी समोर बसलेली असू शकते, आणि जे सरांनी कधी कुणाला सांगितलं नाही ते आपण माईकवरून का सांगावं?

शेवटी पाचव्या पानावर एक ओळ उरली: "सर फॉर्मच्या वेळी नावं तपासायचे." मी विचारलं, कधी? कुठे? समोर काय ठेवून? तो सांगत गेला, आणि त्यातून हे भाषण झालं. त्यात त्याच्या वडिलांचा उल्लेख आहे, तोही त्यांना विचारूनच ठेवला.

"अस्सलामु अलैकुम. सन्माननीय व्यासपीठ, सर, सरांच्या घरची मंडळी आणि मित्रांनो, मी सरांच्या एकाच कामाबद्दल बोलणार आहे.

दहावीचे फॉर्म भरायच्या आधी सर एकेका मुलाला पालकांसह ऑफिसात बोलवायचे. टेबलावर शाळेचं जनरल रजिस्टर आणि आमचं आधार कार्ड. माझं आडनाव रजिस्टरमध्ये Shaikh होतं, आधारवर Sk. सर म्हणाले, 'बेटा, सर्टिफिकेटवर जे छापलं जाईल, तेच पुढे सगळीकडे मागतील. आधार आत्ताच दुरुस्त करून आण.'

बोर्डाकडून प्री-लिस्ट आली, की सर प्रत्येकाला स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव अक्षर-अक्षर वाचायला लावायचे. मगच सही.

माझे अब्बा रिक्षा चालवायचे. दोन दिवसांचा धंदा बुडाला म्हणून ते सरांवर चिडले होते. पुढे माझ्या पासपोर्टच्या वेळी सगळ्या कागदांवर एकच नाव निघालं, तेव्हा अब्बांनीच सरांची आठवण काढली. दुसऱ्या शाळेतल्या माझ्या एका दोस्ताचं नाव मात्र चुकलं होतं. त्याला दुरुस्तीसाठी शाळेमार्फत लातूरच्या विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागला आणि महिनोन्महिने वाट पाहावी लागली.

सर, तुमची जन्मतारीख १ जून. ती कुण्या गुरुजींनी अंदाजाने लिहिली. तुम्ही मात्र आमच्याबद्दल अंदाजाने काहीच लिहिलं नाही.

फॉर्मच्या दिवसांत सरांना घरी जायला उशीर व्हायचा, तो आमच्यामुळे. घरच्या मंडळींनी माफ करावं. आजपासून सरांना वेळेवर घरी पाठवतो आहोत. अल्लाह तुम्हा सर्वांना सेहत आणि सुकून देवो. शुक्रिया."

हे वाचायला तीन मिनिटंही लागत नाहीत. व्यासपीठावरची नावं सूत्रसंचालकाने घेतलेलीच असतात, म्हणून ती पुन्हा घेतली नाहीत. सरांना एकही विशेषण लावलेलं नाही, तरी ते कसे होते हे कळतं. बोलणाऱ्याचं स्वतःचं आयुष्य येतं, पण सरांचं काम दिसण्यापुरतंच. शेवट घरच्यांकडे वळतो, कारण त्या दिवसानंतर सर त्यांचे असतात.

एक अडचण मात्र येते. कधी कधी सहा पानांत अशी एकही ओळ सापडत नाही. तेव्हा शब्द शोधत बसू नका. वर्गातल्या दोघा-तिघांना फोन लावा. "सर कसे होते?" असं विचारलंत तर पुन्हा तीच विशेषणं मिळतील. "सर काय करायचे?" असं विचारा.