रात्रीचे दिवे का पसरतात?



68 वर्षांच्या एका आजोबांची कल्पना करावी. गेली दोन वर्षे त्यांना दूरचे अंधुक दिसते. रात्री समोरून वाहन आले की दिव्याचा प्रकाश फाकतो आणि रस्ता दिसेनासा होतो. मात्र वर्तमानपत्र ते आता चष्म्याविना वाचतात, याचे घरात कौतुक होते. वस्तुतः ही दृष्टी सुधारल्याची खूण नव्हे. नेत्रभिंगाचा गाभा दाट व पिवळसर होत गेला की त्याची प्रकाश वळवण्याची शक्ती वाढते. म्हणून जवळचे स्पष्ट होते आणि दूरचे पुसट. गढूळ भिंगात प्रकाश विखुरतो, म्हणून दिवे पसरलेले भासतात. हा मोतीबिंदू.

अडचण येथून पुढे आहे. ‘मोतीबिंदूच तो, पिकला की काढू’ असे म्हणून घरे निश्चिंत होतात. पिकण्याची वाट पाहण्याचा काळ कधीच सरला. अतिपक्व मोतीबिंदू काढणे उलट कठीण जाते. शिवाय त्याच डोळ्यात काचबिंदूही असू शकतो. तो बहुधा दुखत नाही. बाजूची दृष्टी आधी जाते, मधली बराच काळ शाबूत राहते. त्यामुळे तक्त्यावरील अक्षरे वाचता येतात, पण चौकटीला खांदा लागतो, पायरी चुकते. फरशीच्या सरळ रेघा वाकड्या दिसत असतील, तर संशय दृष्टिपटलाच्या मध्यभागावर घ्यावा. घरी हे पाहताना एकेक डोळा झाकूनच पाहावे, कारण चांगला डोळा दुसऱ्याचे उणे झाकतो.

आजोबांच्या तपासणीत प्रथम बारीक छिद्रातून अक्षरे वाचवली गेली. छिद्रातून स्पष्ट दिसते, तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबराचा; येथे फारसा फरक पडला नाही. डोळ्याचा दाब 19 भरला. साधारणपणे 10 ते 21 हा नेहमीचा मानतात, पण दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू होतो. म्हणून थेंब घालून बाहुली मोठी केली आणि आतील नेत्रमज्जा पाहिली. तिच्या मध्यभागीची खळगी रुंदावलेली आढळली. दृष्टिक्षेत्राच्या चाचणीतही बाजूचा भाग उणा निघाला. म्हणजे दोन्ही आजार होते. केवळ दाब मोजून आजोबांना घरी धाडले असते, तर दुसरा आजार निसटला असता.

काचबिंदूचे थेंब सुरू झाले, मग मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. नव्या भिंगाने धुके व फाकणारा प्रकाश कमी होईल. काचबिंदूने गेलेली बाजूची दृष्टी मात्र परत येणार नाही, आणि थेंब पुढेही चालू ठेवावे लागतील. हे शस्त्रक्रियेआधीच सांगितलेले बरे, नाहीतर दोष शस्त्रक्रियेवर येतो.

डोळा लाल होऊन दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसून उलटी झाली, किंवा दृष्टी एकाएकी गेली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. एरवीच्या तपासणीला सोबत कोणीतरी जावे. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसते आणि वाहन चालवता येत नाही.