डाग गेला, हे कधी ठरवायचं?

पांढऱ्या सुती सदऱ्यावर रश्श्याचा थेंब सांडला, की तिथं खरं तर दोन डाग पडतात. एक हळदीचा, दुसरा तेलाचा. साबण लागताच हळद लाल होते आणि आपण तिच्याच मागे लागतो. हळदीचा रंग उन्हात विटून जातो. तेल मात्र तिथंच राहतं, आणि पिवळं दिसेनासं झालं म्हणून आपण इस्त्री फिरवतो. नुकसान होतं ते इथं.

स्वयंपाकाच्या तेलाचे रेणू हवेतला प्राणवायू घेऊन एकमेकांना जोडले जातात. उष्णता मिळाली की ही जोडणी झपाट्यानं होते. कढईच्या बाहेरच्या बाजूला जो चिवट पिवळट थर बसतो, तो असाच तयार होतो. सूर्यफूल आणि सोयाबीनचं तेल या बाबतीत शेंगदाणा तेलापेक्षा जास्त तयार. सुती कापडासाठी इस्त्री साधारण 200 अंशांपर्यंत तापते. एका इस्त्रीत सगळं तेल थिजून बसेल असं नाही, पण दर वेळी थरात भर पडते, आणि जोडलेलं तेल साबणाला सुटत नाही. पॉलिस्टरचं आणखी वेगळं आहे. त्याचे तंतू 70-80 अंशांच्या पुढे सैल होतात आणि तेल आत मुरतं. गरम हवेचा ड्रायरही हेच करू शकतो. अर्धस्वयंचलित मशीनमधला ड्रायर मात्र कपडे फक्त फिरवून पिळतो, त्याची भीती नको.

मग तपासायचं कधी? ओल्या कपड्यावर कधीच नाही. कोरड्या धाग्यांमधल्या हवेमुळे उजेड विखुरतो, म्हणून कापड पांढरं दिसतं. तेल ती हवा हटवतं आणि तेवढाच भाग गडद दिसतो. कापड भिजलं की पाणी सगळीकडे हेच करतं, त्यामुळे फरक बुजतो. पावसाळ्यात दमट कपड्यालाच इस्त्री करून वाळवण्याची आपली सवय म्हणूनच घातक आहे.

सदरा सावलीत, नाहीतर पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. खिडकीशी तिरप्या उजेडात धरा, उलट बाजूनंही पाहा. शंका राहिलीच, तर संशयाच्या जागी पाण्याचा एक थेंब सोडा आणि त्याच सदऱ्याच्या स्वच्छ जागी दुसरा. स्वच्छ जागी पाणी लगेच शोषलं गेलं आणि इथं थेंब रेंगाळला, तर तेल शिल्लक आहे. कपडे मऊ करणारं द्रावण वापरलेलं असेल, तर दोन्ही थेंब रेंगाळतील. तेव्हा डोळ्यांवरच भिस्त ठेवावी.

तेल सापडलं तर कोरड्याच कापडावर भांडी घासायचं लिक्विड बोटानं चोळा, वीसेक मिनिटं ठेवा, कापडाला सोसेल तेवढ्या कोमट पाण्यानं धुवा. पुन्हा वाळवा, पुन्हा पाहा. रक्त किंवा अंडं असेल तर पाणी थंडच हवं, कारण त्यातली प्रथिनं उष्णतेनं गोठून धाग्याला धरतात.

इस्त्री आधीच झाली असेल, तरी हाच उपाय दोन-तीनदा करून पाहावा; ताजा थर कधी कधी सुटतो. अनेक इस्त्र्या खाल्लेला तपकिरी डाग काढायला जितकं घासावं लागतं, तितक्यात कापडच विरतं.