धूर नसताना वाजणारे यंत्र : तीन आवाज, तीन अर्थ
(संस्थेच्या विद्यार्थी शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा आमचा विषय छोटा आहे. वसतिगृहात, अभ्यासिकेत, अलीकडे काही घरांतही छताला एक पांढरी गोल डबी लावलेली असते. तिला आपण स्मोक डिटेक्टर म्हणतो. धूर आला की ती मोठ्याने भोंगा वाजवते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु कधी कधी धुराचा मागमूस नसताना ती मिनिटाभराने एकदा ‘चिक्’ असा बारीक आवाज करते आणि थांबते. पुन्हा मिनिटाभराने ‘चिक्’. हा आवाज म्हणजे काय आणि त्यावर काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हा विषय सोलापुरात का, असे कोणी विचारील. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि त्यात आठ माणसे दगावली. त्यांत लहान मूलही होते. आपल्या शहरात सूत, टॉवेल, चादर यांचे काम आणि माणसांचे राहणे पुष्कळदा एकाच भिंतीआड चालते. पहाटेच्या आगीत झोपलेल्या माणसाला ज्वाळेआधी धूर गाठतो. नाकाने जाग येईल यावर विसंबता येत नाही, कानाने येते. म्हणून ती डबी छताला आहे एवढ्यावर भागत नाही, ती जागी असली पाहिजे. आणि ती झोपी जाण्याचे नेहमीचे कारण असे की, ‘चिक्-चिक्’ला कंटाळून कोणीतरी स्टुलावर चढतो, बॅटरी काढतो आणि ती टेबलाच्या खणात टाकतो. आवाज बंद होतो आणि राखणही बंद होते.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. मोठ्या इमारतींत, दवाखान्यांत छतावरचे डिटेक्टर तारांनी एका पॅनेलला जोडलेले असतात. त्या डबीत स्वतःची बॅटरी नसते. दोष आला तर आवाज पॅनेलवर होतो आणि ते काम परवानाधारक माणसाचे आहे. आम्ही आज बोलतो आहोत ते सुट्या डबीबद्दल, जिच्या पोटात बॅटरी आणि भोंगा दोन्ही असतात. बहुतेक जुन्या नमुन्यांत ही ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते.

अशी डबी तीन कारणांनी ‘चिक्’ करते : बॅटरी उतरली, आत धूळ गेली, किंवा तिचे आयुष्य संपले. तिन्हींचा आवाज कानाला जवळजवळ सारखाच लागतो. म्हणून लोक तिन्हींवर बॅटरी बदलण्याचा एकच उपाय करतात, आणि आवाज थांबला नाही की यंत्रालाच दोष देतात.

आता बॅटरीचे पाहू. यंत्र दर थोड्या वेळाने बॅटरीवर क्षणभर भार टाकते आणि व्होल्ट तपासते. ते ठरलेल्या मर्यादेखाली, म्हणजे साधारण साडेसात व्होल्टच्या आसपास गेले की ‘चिक्’ होते. भार टाकून तपासते, हा शब्द महत्त्वाचा आहे. मुले बॅटरी काढून मीटर लावतात, मीटर आठाच्या वर दाखवतो आणि मुले म्हणतात बॅटरी चांगली आहे. भार नसताना थकलेली बॅटरीही बरी दिसते. काम सांगितले की खाली बसते. थंडीत बॅटरीचा जोर आणखी कमी होतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटे तीन-चारला आवाज सुरू होतो आणि ऊन आल्यावर आपोआप थांबतो. दिवसा थांबला म्हणजे दोष गेला, असे समजू नये. उलट, पहाटे येणे आणि दुपारी जाणे ही उतरत्या बॅटरीचीच खूण आहे.

धुळीची गोष्ट वेगळी आहे. आजच्या बहुतेक डब्यांच्या आत एक काळी, वळणावळणाची कोठी असते. तिच्यात एक अदृश्य किरणांचा दिवा आणि तो प्रकाश ओळखणारा एक डोळा, असे दोघे बसविलेले असतात. पण समोरासमोर नाही, तर कोन करून. हवा स्वच्छ असेल तर दिव्याचा प्रकाश डोळ्यात जात नाही. धूर शिरला की त्याच्या कणांवर आपटून प्रकाश विखुरतो, डोळ्यात पोचतो आणि भोंगा होतो. आता या कोठीत धूळ, सुताची लव, अगरबत्तीची काजळी किंवा एखादा बारीक कोळी गेला तर दोन गोष्टी घडू शकतात. काळ्या भिंतीवर धूळ बसली तर ती स्वतःच प्रकाश परतवते आणि धूर नसताना पूर्ण भोंगा वाजतो. दिव्यावर किंवा डोळ्यावरच थर बसला तर उलटे होते, यंत्र मंद होते. यंत्र आपली नजर अधूनमधून स्वतः तपासते. ती बिघडलेली आढळली की ‘चिक्’ करते. येथे नवी बॅटरी काहीही करू शकत नाही.

तिसरे कारण वय. अशा डब्यांचे आयुष्य सर्वसाधारणपणे दहा वर्षांचे धरतात, आणि ते विकत घेतल्यापासून नव्हे तर बनविल्याच्या तारखेपासून मोजतात. ही तारीख डबीच्या पाठीवर छापलेली असते. काही नमुन्यांत आतले घड्याळ मुदत संपल्यावर ‘चिक्’ सुरू करते. काही नमुने मात्र मुदत संपली तरी गप्प बसतात. म्हणून आवाज नाही म्हणजे वय झाले नाही, असा अर्थ काढता येत नाही. तारीखच पाहावी लागते.

आता ही तिन्ही वेगळी कशी ओळखावीत? डबीवर एक बारीक लाल दिवा असतो. तो ठरावीक वेळाने लुकलुकतो. पुष्कळ नमुन्यांत अशी योजना असते की, बॅटरी उतरली असेल तर ‘चिक्’ आणि लुकलुक एकाच क्षणी होतात. कोठीत दोष असेल तर दोन लुकलुकींच्या मधल्या वेळेत ‘चिक्’ होते. मुदत संपल्याची खूण काही नमुन्यांत दोन किंवा अधिक ‘चिक्’ एकापाठोपाठ अशी असते. कंपनीपरत्वे यात फरक पडतो. म्हणून डबीच्या पाठीवरचा किंवा पत्रकातला तक्ता हाच शेवटचा निर्णय. पत्रक फेकून देऊ नये. कार्यालयाच्या फायलीत लावावे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. एका अभ्यासिकेच्या खोल्यांत चार डब्या आहेत. अभ्यासिकेला लागूनच यंत्रमागाची शेड आहे. रात्री ‘चिक्’ सुरू झाले. मुलांनी बॅटरी बदलली, आवाज तसाच राहिला. दुसरी नवी घातली, तरी तसाच.

येथे पहिला प्रश्न असा की, वाजणारी डबी कोणती? बंद खोलीत बारीक आवाज कोठून येतो ते कळत नाही. शेजारी इन्व्हर्टर असेल तर तोही असाच वाजतो. म्हणून प्रत्येक डबीखाली दोन-दोन मिनिटे उभे राहून ऐकायचे. जिच्याखाली आवाज थेट डोक्यावर येतो ती आपली डबी.

दुसरे, घड्याळ लावायचे. समजा पाच मिनिटांत सात ‘चिक्’ झाले, म्हणजे सुमारे ४३ सेकंदांना एक. आणि लाल दिवा ‘चिक्’च्या वेळी नव्हे, तर मधोमध लुकलुकतो. म्हणजे यंत्र सांगते आहे की, बॅटरीला दोष देऊ नका, माझ्या कोठीकडे पाहा.

तिसरे, डबी फिरवून खाली घ्यायची आणि पाठ वाचायची. तारीख २०१९ ची आहे, दहा वर्षे झालेली नाहीत. जाळीवर मात्र सुताची करडी लव चिकटलेली दिसते. निदान झाले.

आता सफाई. बॅटरी काढून मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्युम क्लीनरने जाळीच्या भोवतीने हळूच ओढून घ्यायचे. पाणी, ओले फडके, कीटकनाशकाचा फवारा यांपैकी काहीही लावायचे नाही आणि कोठी उघडायची नाही. पत्रकात परवानगी नसेल तर दाबाची हवाही मारायची नाही, कारण ती लव बाहेर काढण्याऐवजी आत ढकलते. मग बॅटरी नसतानाच चाचणीचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. त्यानंतर बॅटरी घालून डबी बसवायची आणि दहा मिनिटे ऐकायचे. ‘चिक्’ थांबले तर बटण दाबून भोंगा तपासायचा. पुन्हा सुरू झाले तर कोठी कायमची बिघडली आहे, डबी बदलायची. तिसरा मार्ग नाही.

त्याच वेळी उरलेल्या तिन्ही डब्यांच्या पाठी वाचून घ्याव्यात. एखादी २०१३ ची निघाली तर ती आवाज करीत नसली तरी उतरवून नवी लावावी. आणि जुन्या डबीवर किरणोत्सर्गाची खूण असेल तर ती फोडू नये, कचऱ्यात टाकू नये. विक्रेत्याकडे परत द्यावी.

बॅटरी घेताना एवढे पाहावे : पत्रकात सांगितलेल्या जातीचीच, शक्यतो अल्कलाइन. पुन्हा चार्ज होणारी ९ व्होल्टची बॅटरी पुष्कळदा प्रत्यक्षात ८.४ व्होल्टची असते आणि न वापरताही उतरते. ती येथे चालत नाही.

बटणाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. बटण दाबल्यावर भोंगा वाजला म्हणजे बॅटरी, तारा आणि भोंगा ठीक आहेत. जाळी लवेने बंद असेल तर धूर आत जाणारच नाही, आणि ते बटणाला कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा बटण आणि सहा महिन्यांतून एकदा सफाई, असे दोन्ही हवे. शेजारी माग असतील तर सफाई तीन महिन्यांनी करावी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे त्या कायद्याखाली येणाऱ्या इमारतींना जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत आगीची साधने चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. सुट्या डब्यांच्या सफाईला आपणही तेच दोन महिने धरले तर विसर पडणार नाही. विहारात वंदनेच्या जागेवरच डबी लावू नये. मेणबत्ती आणि अगरबत्तीचा धूर तिला लवकर आंधळी करतो. झोपण्याच्या खोलीत आणि जिन्याजवळ तिचा उपयोग अधिक आहे.

विद्यार्थी मित्रहो, प्रत्येक वसतिगृहात दोघांनी हे काम वाटून घ्यावे. एका वहीत चार रकाने पाडावेत : डबी कोठे आहे, पाठीवरची तारीख, बॅटरी केव्हा बदलली, सफाई केव्हा केली. बॅटरी काढायची वेळ आली तर नवी हातात असल्याशिवाय काढू नये, आणि बाजारातून आणायला वेळ लागणार असेल तर ‘चिक्’ सोसावे. उतरत्या बॅटरीवरही ती डबी काही दिवस धूर ओळखू शकते. रिकाम्या डबीला ते जमत नाही.