सूचक प्रश्न : सरतपासात निषिद्ध, उलटतपासात मान्य

न्यायालयात साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचे तीन टप्पे असतात. ज्या पक्षाने साक्षीदाराला बोलाविले तो पक्ष प्रथम प्रश्न विचारतो, तो सरतपास. त्यानंतर विरुद्ध पक्ष विचारतो; तो उलटतपास. उलटतपासातून निघालेल्या मुद्द्यांचा खुलासा व्हावा म्हणून पहिला पक्ष पुन्हा प्रश्न विचारतो, तो फेरतपास. एकच प्रश्न पहिल्या टप्प्यात अयोग्य ठरतो आणि दुसऱ्या टप्प्यात तो पूर्णपणे योग्य असतो. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांना पंच म्हणून किंवा दप्तराचे साक्षीदार म्हणून न्यायालयात जावे लागते. त्या वेळी हा भेद त्यांच्या अनुभवास येतो. पण त्यामागील कारण सहसा कोणी उलगडून सांगत नाही.

विचारणाऱ्याला जे उत्तर हवे आहे किंवा अपेक्षित आहे ते ज्या प्रश्नातच सुचविलेले असते, तो सूचक प्रश्न, अशी कायद्याची व्याख्या आहे. 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमात ही तरतूद कलम 141 ते 143 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम 146 मध्ये एकत्र केलेली आहे. तत्त्व मात्र बदललेले नाही. ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येणारा प्रत्येक प्रश्न सूचक असतो, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. ‘तेथे दिवा होता का?’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात येते, पण विचारणाऱ्याला कोणते उत्तर हवे आहे हे त्यातून कळत नाही. ‘तेथे दिव्याचा चांगला उजेड होता ना?’ या प्रश्नात मात्र उत्तर आधीच भरलेले आहे. म्हणजे प्रश्न किती लहान आहे यावर नव्हे, तर तो साक्षीदाराला कोणत्या दिशेने ढकलतो यावर त्याची सूचकता अवलंबून असते.

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या शहरात एका गोदामातून रात्री सुताची चार बाचकी चोरीस गेली. समोरच्या कारखान्यातील रखवालदाराने पोलिसांना सांगितले, की एक मनुष्य बाचकी टेंपोत चढविताना त्याला दिसला आणि तो ओळखीचा होता. खटला उभा राहिला. रखवालदार साक्षीस आला आणि सरकारी वकिलांनी विचारले, ‘रात्री साडेअकरा वाजता या आरोपीला तुम्ही सुताची बाचकी टेंपोत चढविताना पाहिलेत ना?’ रखवालदार म्हणाला, ‘होय.’

वरकरणी पाहता येथे साक्ष पुरी झाली. प्रत्यक्षात साक्षीदाराने काहीच सांगितलेले नाही. वेळ वकिलांनी सांगितली, मनुष्य वकिलांनी दाखविला, कृती वकिलांनी वर्णिली. साक्षीदाराने केवळ मान डोलावली. आरोपीच्या वकिलांची हरकत येथे योग्य ठरते, कारण खटल्यातील नेमका वादाचा मुद्दाच प्रश्नातून पुरविला गेला. योग्य रीत अशी असते: ‘त्या रात्री तुम्ही कोठे होता?’ ‘तेथून काय दिसते?’ ‘त्या रात्री तुम्ही काय पाहिले?’ ‘त्यानंतर काय झाले?’ ‘तो मनुष्य कोण होता?’ या क्रमात प्रत्येक उत्तर साक्षीदाराच्या स्मरणातून यावे लागते. जे त्याने पाहिले नाही ते तो सहसा सांगू शकत नाही, आणि सांगू लागला तर उत्तरांचा मेळ बसत नाही.

सरतपासात ही बंदी का, याचे कारण मानवी स्वभावात आहे. साक्षीदार ज्याने बोलाविला त्याच्या बाजूला झुकतो, असे कायदा गृहीत धरतो. शिवाय त्या पक्षाच्या वकिलांच्या हाती साक्षीदाराचा पूर्वीचा जबाब असतो. त्याने काय बोलावे हे त्यांना ठाऊक असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की साक्ष साक्षीदाराची न राहता वकिलांची होते. 1993 साली ‘वर्की जोसेफ विरुद्ध केरळ राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलांनी वादाच्या मुद्द्यांवर सरतपासात विचारलेल्या सूचक प्रश्नांवर कठोर टीका केली. अशा रीतीने पुरावा घेणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये अभिप्रेत असलेल्या न्याय्य चौकशीच्या हक्कावर आघात आहे, असे न्यायालयाने म्हटले.

तथापि ही बंदी सरसकट नाही. प्रास्ताविक स्वरूपाच्या, निर्विवाद असलेल्या किंवा न्यायालयाच्या मते आधीच पुरेशा सिद्ध झालेल्या बाबींवर न्यायालय सूचक प्रश्नांस परवानगी देईल, असे कायदा सांगतो. येथे ‘देईल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. या तीन बाबतींत परवानगी नाकारण्याचे कारण उरत नाही. ‘तुम्ही अमुक कारखान्यात रखवालदार आहात ना?’ या प्रश्नाला कोणी हरकत घेत नाही. नाव, गाव, धंदा यांवर उघडे प्रश्न विचारीत बसल्यास न्यायालयाचा वेळ मात्र जातो. गोदाम फिर्यादीच्या मालकीचे आहे हे आरोपीलाही मान्य असेल, तर तेही थेट विचारता येते.

या तीन बाबींच्या पलीकडे न्यायालयाला स्वेच्छाधिकार आहे. विरुद्ध पक्षाने हरकत घेतली तरी न्यायाधीश कारण पाहून परवानगी देऊ शकतात. साक्षीदार फार वृद्ध असेल, लहान मूल असेल, किंवा सरळ प्रश्नांनी एखादी बाब त्याच्या ध्यानात येतच नसेल, तर त्या बाबीकडे त्याचे लक्ष वेधण्यापुरती सूचना चालते. जप्त केलेली वस्तू समोर ठेवून ‘हीच का ती?’ असे विचारणेही व्यवहारात चालते. परवानगी लक्ष वेधण्यापुरती असते. उत्तर पढविण्यासाठी नसते. ही सीमा ओलांडली गेली की परवानगी मिळाली असली तरी त्या उत्तराचे वजन घटते.

आता तोच रखवालदार न्यायालयात उलटला असे समजू. ‘काय पाहिले?’ या प्रश्नावर तो म्हणाला, ‘अंधार होता, कोणी ओळखता आले नाही.’ अशा वेळी कलम 157 अन्वये, म्हणजे पूर्वीच्या कलम 154 अन्वये, सरकारी वकील न्यायालयाकडे परवानगी मागतात. ती मिळाल्यास आपल्याच साक्षीदाराला उलटतपासाचे प्रश्न विचारता येतात, म्हणजेच सूचक प्रश्नही विचारता येतात. व्यवहारात अशा साक्षीदाराला फितूर म्हणतात, पण हा शब्द कायद्याच्या कलमात नाही. साक्षीदाराने केवळ प्रतिकूल उत्तर दिले एवढ्यावरून परवानगी मिळावी असेही नाही. तो सत्य लपवीत आहे असे न्यायालयास दिसले पाहिजे. आणि परवानगी दिली म्हणून त्याची साक्ष पुसली जात नाही. 1975 च्या ‘सत पाल विरुद्ध दिल्ली प्रशासन’ या निकालानंतर हे स्पष्ट आहे, की विश्वासार्ह वाटणारा भाग न्यायालय काळजीपूर्वक पारखून स्वीकारू शकते.

उलटतपासात चित्र पालटते. येथे साक्षीदार प्रश्नकर्त्याच्या बाजूचा नसतो, म्हणून सूचनेला बळी पडण्याची भीती कमी असते. उलट, सूचक प्रश्न हेच येथील मुख्य साधन आहे. ‘त्या रात्री वीज गेली होती, हे खरे आहे?’ ‘गोदामाचे दार तुमच्या जागेवरून दिसत नाही, बरोबर?’ अशा प्रश्नांनी वकील साक्षीदाराला एकेका ठाम विधानावर उभे करतात. मराठीत नोंदलेल्या जबाबांत ‘हे म्हणणे खरे नाही की...’ असे जे वाक्य पुन्हा पुन्हा दिसते, त्याचा उगम येथेच आहे. ते वाक्य साक्षीदाराने नाकारलेली सूचना असते. वकिलांनी सुचविलेली गोष्ट पुरावा ठरत नाही. साक्षीदाराने ती मान्य केली तरच तिला पुराव्याचे मोल येते. दहा सूचना नाकारल्या गेल्या तर त्या दहांतून आरोपीचा बचाव केवळ न्यायालयास कळला, सिद्ध झाला नाही.

उलटतपासालाही मर्यादा आहे. जी गोष्ट साक्षीदाराने सांगितलीच नाही ती त्याने सांगितली असे गृहीत धरून, किंवा वादग्रस्त गोष्ट सिद्ध झाली असे धरून प्रश्न विचारता येत नाही. ‘चोरीचे सूत तुमच्याकडे कोणी ठेवले?’ या प्रश्नाचे कोणतेही उत्तर दिले तरी सूत चोरीचे होते आणि ते त्याच्याकडे होते, हे दोन्ही मान्य केल्यासारखे होते. हा दिशाभूल करणारा प्रश्न असतो.

फेरतपासात पुन्हा सरतपासाचाच नियम लागू होतो. तेथे खुलासा मागता येतो, खुलासा पुरविता येत नाही.

या सर्वात सर्वाधिक हानी जिथे होते ती जागा सहसा नजरेत येत नाही. जबाब बहुधा प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिला जात नाही. तो साक्षीदाराच्या तोंडच्या सलग निवेदनाच्या रूपात नोंदला जातो. त्यामुळे ‘आरोपीला पाहिलेत ना?’ ‘होय’ या संवादाची नोंद ‘मी आरोपीला बाचकी चढविताना पाहिले’ अशी होते. प्रश्न नाहीसा होतो आणि पुढे अपील न्यायालयासमोर ते वाक्य साक्षीदाराचे स्वतःचे म्हणून उभे राहते. म्हणून हरकत त्याच क्षणी घ्यावी लागते, आणि प्रश्न व उत्तर शब्दशः लिहून घेण्याची विनंती करावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18 मध्ये यासाठी स्पष्ट तरतूद आहे: हरकत घेतलेला प्रश्न न्यायाधीशांनी चालू दिल्यास प्रश्न, उत्तर, हरकत, हरकत घेणाऱ्याचे नाव आणि निर्णय या सर्वांची नोंद करावी लागते. फौजदारी खटल्यातही न्यायाधीश आवश्यक तो भाग प्रश्नोत्तररूपात घेऊ शकतात.

दिवाणी दाव्यांत 2002 पासून सरतपास सामान्यतः प्रतिज्ञापत्रावर होतो. खर्चीवाल्या मागधारकाची मजुरी थकली आणि दावा झाला, तर त्याची साक्ष वकिलांच्या कचेरीत टंकलिखित होऊन येते. तेथे सूचना कोणी केली हे कोणालाच दिसत नाही. त्यामुळे ती पारखण्याची सारी जबाबदारी उलटतपासावर येऊन पडते.

पंच साक्षीदाराच्या बाबतीत हा नियम रोजच्या उपयोगाचा आहे. ‘पोलिसांनी तुमच्यासमोर बाचकी जप्त केली ना?’ असे विचारले गेले, तर ‘होय’ म्हणून मोकळे होण्यापेक्षा प्रत्यक्ष काय घडले ते आपल्या शब्दांत सांगणे श्रेयस्कर: पोलिसांनी कोठे नेले, बाचकी कोठे होती, मोजली कोणी, सही केव्हा केली. जे पाहिले नाही ते पाहिले नाही असे सांगावे. कारण त्याच वाक्यावर उलटतपासात अर्धा तास प्रश्न येतात, आणि वकिलांनी पुरविलेले ‘होय’ तेथे साक्षीदाराला एकट्यालाच सांभाळावे लागते.